रस्त्याकडेचे खांब कुठे उभे करायचे?

दूर जाणारा रस्ता काढताना विजेचे खांब लहान लहान करत नेणे बहुतेक मुलांना जमते. चुकते ते दोन खांबांमधले अंतर. ते अंदाजाने न ठरवता पट्टीने कसे काढायचे, ते आज पाहू.

आधी शाळेच्या लांब कॉरिडॉरमध्ये मधोमध उभे राहा. एक डोळा मिटा आणि पट्टी समोर धरून जमिनीच्या कडेशी जुळवा. ती कड वर चढताना दिसेल, छताची कड खाली उतरताना. दोन्ही जिथे मिळतात तो लोपबिंदू. आता खाली बसून पाहा. बिंदूही तुमच्याबरोबर खाली येतो, कारण तो नेहमी डोळ्यांच्या उंचीवरच असतो.

आता रस्ता. कागद आडवा ठेवा. मध्यावर आडवी क्षितिजरेषा आणि तिच्या मधोमध ‘ल’ हा लोपबिंदू काढा. ‘ल’पासून कागदाच्या तळापर्यंत दोन तिरप्या रेषा ओढल्या की रस्ता झाला.

‘ल’च्या उजवीकडे १२ सेंमीवर पहिला खांब उभा काढा, क्षितिजरेषेच्या वर ६ आणि खाली ३, म्हणजे एकूण ९ सेंमी. त्याचे टोक, मध्य आणि पाया ‘ल’ला फिक्या रेषांनी जोडा. दुसऱ्या खांबाची जागा तुमच्या मर्जीची. समजा, तो ‘ल’पासून ८ सेंमीवर घेतला. वरच्या आणि खालच्या रेषांमध्ये तो ६ सेंमी उंच होईल.

इथून पुढे मर्जी संपते. पहिल्या खांबाच्या टोकावर पट्टी ठेवा, दुसऱ्याच्या मध्यातून न्या आणि ती पायाच्या रेषेला जिथे छेदेल तिथे तिसरा खांब उभा करा. मग दुसऱ्याच्या टोकावरून तिसऱ्याच्या मध्यातून, असेच पुढे. हे चालते, कारण आयताचा कर्ण त्याच्या मध्यातूनच जातो. पहिला आणि तिसरा खांब या आयताच्या दोन बाजू, आणि दुसरा त्यांच्या बरोबर मधला.

रेषा नीट आल्या असतील तर खांब ‘ल’पासून १२, ८, ६, ४.८ आणि ४ सेंमीवर येतील. मधली अंतरे ४, २, १.२ आणि ०.८. म्हणजे अंतर दरवेळी निम्मे होत नाही. सरसकट निम्मे केले, तर पुढचे खांब प्रत्यक्षात एकमेकांच्या जवळ रोवल्यासारखे दिसतात. सगळी अंतरे सारखी ठेवली, तर उलट ते लांब लांब गेल्यासारखे वाटतात.

शेवटी एक तपासणी. प्रत्येक खांबाचा खालचा एक तृतीयांश भाग क्षितिजरेषेखाली हवा. एखाद्या खांबाचे हे प्रमाण बिघडले असेल, तर त्याचे टोक किंवा पाया रेषेवरून घसरला आहे.

ही रीत रस्ता सरळ समोर जात असेल तेव्हाची. घराचा कोपरा आपल्याकडे असेल, तर त्याच्या दोन भिंती दोन वेगवेगळ्या लोपबिंदूंकडे जातात.