पाळीतला ताप

कापडी घडीने इन्फेक्शन होतं का आणि कपाने माणूस मरतो म्हणतात ते खरं का, हे दोन प्रश्न बायका मला बहुधा एका दमात विचारतात. उत्तर मात्र एका दमात देता येत नाही. घडीचा त्रास हळूहळू येतो, खाजवत येतो आणि बहुतेक वेळा आठवड्याभराच्या औषधाने जातो. कपाशी जोडलेला तो दुसरा आजार फार म्हणजे फारच क्वचित होतो, पण झाला तर त्याचा हिशोब तासांत करावा लागतो.

आधी घडीचं बघू. सुती कापड आपणहून कुणाला खाज आणत नाही, ते ओलं राहिलं की आणतं. ओडिशातल्या रुग्णालयांत आलेल्या ५५८ बायकांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पुन्हा पुन्हा वापरायचं कापड घेणाऱ्यांमध्ये कँडिडाचा, म्हणजे बुरशीचा, संसर्ग जास्त दिसला. मला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. कापड वापरणाऱ्यांतही, ज्या ते घराच्या आत वाळवत होत्या आणि ज्या ते संडासात लपवून ठेवत होत्या, त्यांच्यात हा संसर्ग अधिक होता. अशा पाहणीतून अमुकमुळेच तमुक झालं असं सिद्ध होत नाही, हे खरं. पण बुरशीला ओल, ऊब आणि अंधार लागतो, आणि आपल्याकडे घडी नेमकी तिथेच ठेवली जाते.

जुलैत एक कॉलेजची मुलगी आली होती. तीन महिने खाज, पाळी संपता संपता वाढणारी, आणि दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जाणं. मुलगी स्वच्छतेच्या बाबतीत काटेकोर. कापडी पॅड ती रोज धूत होती, पण खोलीत चारजणी राहतात म्हणून दाराच्या मागे, टॉवेलखाली वाळत घालत होती. पावसाळ्यात ते पॅड आतून कधी वाळतच नव्हतं. वरून हाताला कोरडं लागायचं, मधला थर दमट. तिला औषध दिलं आणि सहा नवी पॅडं घ्यायला सांगितलं. जुनी उकळून, कडक उन्हात वाळवूनच पुन्हा काढायची. शिवाय ती खाज घालवायला जंतुनाशक पाण्याने आतून धूत होती, ते पहिल्याच दिवशी बंद केलं. योनीमार्गात राखणदार जिवाणू असतात, ते तिथली आम्लता टिकवून ठेवतात. आतून धुतलं की आधी तेच जातात. बाहेरून साधं पाणी पुरतं.

घडी धुण्यात अवघड काही नाही. आधी गार पाण्यात रक्त जाऊ द्यायचं, कारण गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग साबण, मग फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळून काढायचं. कापडात राहिलेल्या साबणानेही जळजळ होते आणि ती इन्फेक्शन समजली जाते. झाकलेल्या बादलीत दिवसभर भिजत ठेवू नये. ऊन असेल तर उन्हात, नसेल तर वाऱ्यावर वाळवून वरून इस्त्री. परकराखाली वाळत घालायची पद्धत कितीही जुनी असली तरी ती सोडायला हवी. वापरताना चार ते सहा तासांनी बदलायची. खाजेऐवजी मासळीसारखा वास आणि करडट पातळ पाणी जात असेल तर ती बुरशी नव्हे. तिचं मलम लावून उपयोग होत नाही, तपासून घ्यावं लागतं.

आता कप. सिलिकॉन रक्त शोषत नाही, म्हणून त्यात बुरशीची ही भानगड होत नाही. प्रश्न वेगळ्या जंतूचा आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू पुष्कळांच्या नाकात, त्वचेवर आणि काही बायकांच्या योनीमार्गातही निमूट राहतो. त्याच्या काही जाती एक विष तयार करतात आणि त्यासाठी त्यांना हवा लागते. योनीमार्गात एरवी हवा फार कमी असते. टॅम्पॉन किंवा कप आत जाताना ती सोबत नेतो. १९८० साली अमेरिकेत या विषाने होणाऱ्या टॉक्सिक शॉक सिंड्रोमची लाट आली ती भरपूर शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळे, आणि 'रिलाय' नावाचा टॅम्पॉन त्या सप्टेंबरात बाजारातून काढून घेतला गेला. कप त्या मानाने सौम्य. २०१९ सालच्या एका मोठ्या आढाव्यात जगभरातून कपाशी जोडलेल्या फक्त पाच घटना सापडल्या. कप वापरणाऱ्या बायका एकूण किती हे माहीत नसल्याने त्यावरून प्रमाण काढता येत नाही, इतकंच.

त्यातली पहिली नोंद कॅनडातली, २०१५ साली छापलेली. ३७ वर्षांची बाई, कप नवाच घेतलेला. पहिल्यांदा बसवताना तिला आत थोडं खरचटलं होतं, आणि डॉक्टरांना संशय त्या जखमेचाच आला. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी नखं कापायला, हात साबणाने धुऊन कप पाण्याने ओला करायला सांगते. काढताना देठ ओढायचा नाही. बूड चिमटीत दाबून हवा आत शिरू द्यायची, मग सोडवायचा. तांबी बसवलेली असेल तर हे विशेष जपायचं, नाहीतर तांबीही सरकते. बारा तास ही शेवटची मर्यादा, मी आठच धरा म्हणते. पाळी संपली की पाच ते दहा मिनिटं उकळायचा, कप बुडेल इतक्या पाण्यात, वेगळ्या पातेल्यात. काठाखालची बारीक भोकं आधी मोकळी करायची. मग वाळवून सुती पिशवीत. हवाबंद डबीत नाही. फ्रान्समधल्या प्रयोगांत कपावर जिवाणूंचा चिकट थर धरलेला दिसला आणि तो नुसत्या पाण्याने पुरता जात नव्हता. त्या संशोधकांनी दोन कप ठेवून आळीपाळीने उकळायला सुचवलं. परवडत असेल तर जरूर करावं.

हे सगळं करूनही आजाराची खूण ओळखता यायला हवी. पाळीच्या दिवसांत अचानक १०२ किंवा वर ताप, उलट्या-जुलाब, अंग मोडून येणं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि अंगभर उन्हाने भाजल्यासारखी लाली. सावळ्या कातडीवर ही लाली नीट दिसत नाही, म्हणून तळहात, ओठ आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघायचा. बोलणं असंबद्ध वाटू लागलं तर रक्तदाब पडतोय असं समजावं. ओटीपोटात दुखेल किंवा घाण वास येईल याची वाट बघू नका, बहुतेकदा तसं काही नसतं.

आपल्याकडची अडचण अशी की ऑगस्टमधला ताप, लाली आणि पडलेला रक्तदाब म्हणजे डेंग्यू हे गणित डॉक्टरांच्याही डोक्यात पक्कं बसलेलं असतं. उलट्या-जुलाब असले तर पोट बिघडलं म्हणतात. तपासणारा पुरुष असला, शेजारी सासरे उभे असले, की पाळीचा विषय कुणीच काढत नाही आणि कप आतच राहतो. म्हणून अशी लक्षणं दिसताच कप आधी काढायचा, दवाखान्याऐवजी सलाईन आणि रक्ततपासणीची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं आणि पहिल्या वाक्यात सांगायचं: पाळी चालू आहे, कप वापरत होते. ताप आलेली मुलगी सांगायच्या अवस्थेत नसेल तर हे वाक्य आईने किंवा खोलीतल्या मैत्रिणीने सांगायचं. उपचार आहेत: भरपूर सलाईन, आणि जिवाणू मारण्याबरोबर त्याचं विष बनणंही थांबवणारी प्रतिजैविकं.

आजार सुरू झाल्यापासून आठवड्या-दोन आठवड्यांनी तळहात-तळपायांची साल निघते, त्याने घाबरू नये. पण हा आजार झालेल्या बऱ्याच जणींच्या रक्तात त्या विषाविरुद्धची प्रतिपिंडं तयारच होत नाहीत, त्यामुळे तो पुढच्या एखाद्या पाळीत पुन्हा येऊ शकतो. अशा बाईने कप आणि टॅम्पॉन दोन्ही बंद करायचे आणि घडीकडे वळायचं, उन्हात वाळवलेल्या.