वर्गणीचा व्हिडिओ आणि त्याखालचा हिशेब

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की मदतीच्या आवाहनाचे व्हिडिओ मोबाईलवर येऊ लागतात. बाबासाहेबांची प्रतिमा, भावुक निवेदन आणि शेवटी क्यूआर कोड. खाली मात्र ‘जय भीम, सढळ हाताने मदत करा’ एवढेच! पैसा कोणाच्या खात्यात जातो, असे विचारणारा समाजद्रोही ठरतो. आम्हाला हे मान्य नाही. मोलमजुरी करून शंभर रुपये देणाऱ्या बांधवाला हिशेब मिळालाच पाहिजे आणि तो व्हिडिओखालच्या मजकुरापासूनच सुरू झाला पाहिजे.

समजा, एखादी संस्था वस्तीत ४० मुलांसाठी अभ्यासिका काढते आहे. शीर्षकातच वस्तीचे नाव, काम आणि ३,६०,००० रुपयांची गरज लिहावी. यूट्यूबवर खालच्या मजकुराच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, उरलेला भाग दाबून उघडावा लागतो. म्हणून संस्थेचे नोंदलेले नाव आणि नोंदणी क्रमांक सर्वात वर हवा. मग खर्च: टेबल-खुर्च्या १,६०,०००, पुस्तके ८०,०००, जागेचे भाडे दरमहा १०,००० प्रमाणे वर्षाचे १,२०,०००. वर्गणी कधीपर्यंत घेणार आणि रक्कम जास्त जमली तर तिचे काय करणार, हेही लिहावे. भांडणे बहुधा या जादा रकमेवरूनच होतात.

देणाऱ्याने तो नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर किंवा जिल्ह्याच्या कार्यालयात पडताळावा. मग क्यूआर कोड स्कॅन करून थांबावे. पैसे जाण्याआधी खातेदाराचे बँकेत नोंदलेले नाव ॲपवर दिसते; २०२५ पासून यूपीआयमध्ये तेच नाव दाखवण्याचे बंधन आहे. तिथे संस्थेऐवजी एखाद्या ‘भाऊं’चे नाव आले तर पैसे न पाठवता संस्थेच्या कार्यालयात विचारावे. अर्थात, नोंदणीवरून संस्था अस्तित्वात आहे एवढेच कळते. पैसा योग्य जागी गेला की नाही, ते लेखापरीक्षणातून कळते आणि ते ३१ मार्चला वर्ष संपल्यानंतरच होते.

आणखी एक गोष्ट आमचे कार्यकर्ते विसरतात. व्हिडिओ उतरवून व्हॉट्सॲपवर पुढे पाठवला की खालचा सगळा मजकूर गळून पडतो. मग कोणीही भामटा त्यावर आपला क्यूआर कोड चिकटवू शकतो. म्हणून संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक आणि खातेदाराचे नाव व्हिडिओच्या चित्रातही दिसले पाहिजे आणि निवेदकाने ते बोललेही पाहिजे. देणाऱ्यानेही पुढे आलेल्या व्हिडिओवरचा कोड वापरू नये, संस्थेच्या मूळ पानावर जावे.

व्हिडिओ एकदा चढवला की तसाच राहतो, खालचा मजकूर मात्र केव्हाही बदलता येतो. काही जण याच सोयीने काम संपल्यावर मागितलेला आकडा पुसून टाकतात. आमचे म्हणणे असे की जुनी ओळ तशीच ठेवावी. तिच्याखाली तारीख घालून जमलेली रक्कम, बिलांची बेरीज आणि शिल्लक लिहीत जावी. अभ्यासिकेसाठी ३,६०,००० मागितले होते, त्यातले किती आले आणि कुठे गेले, हे वर्षभराने व्हिडिओ उघडणाऱ्यालाही एकाच जागी वाचता आले पाहिजे.