एकूण वजन नव्हे, टप्प्यागणिक वजन मोजा

रायपूर परिसरातील शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या वाहतुकीविषयी चर्चा निघाली की बहुधा एकच मागणी पुढे येते : गाडी लहान पडते, मोठी घ्यावी किंवा दुसरी भाड्याने लावावी. काही ठिकाणी ही मागणी खरी असेलही. परंतु अनेकदा गाडी लहान नसते, तिचा हिशेब चुकलेला असतो. दिवसभराच्या मालाची बेरीज गाडीच्या क्षमतेशी ताडून पाहिली जाते आणि बेरीज जास्त आली की ‘दोन फेऱ्या लागतील’ असा निष्कर्ष काढला जातो. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा विचारलेला आहे. फेरीत एकूण किती माल आहे, हे विचारण्याऐवजी कोणत्याही दोन थांब्यांच्या दरम्यान गाडीत जास्तीत जास्त किती माल असेल, हे विचारले पाहिजे.

धानाच्या वाहतुकीत हा फरक जाणवत नाही. खरेदी केंद्रावर 40 किलोचे कट्टे भरून निघालेला ट्रक सरळ राईस मिलवर रिकामा होतो. एक उचल, एक पोच, आणि मध्ये वजन बदलत नाही. भाजीपाला, बियाणे, गांडूळखत, रिकामे क्रेट हे सारे एकाच गाडीने ने-आण करणाऱ्या संस्थेचे मात्र तसे नसते. तिच्या गाडीत प्रत्येक थांब्यावर काही चढते, काही उतरते. परिचालन संशोधनात या प्रकाराला उचल-पोच मार्गनियोजन म्हणतात आणि त्याच्या मुळाशी दोनच अटी आहेत. प्रत्येक माल त्याच्या पोचण्याच्या ठिकाणाआधी उचललेला असला पाहिजे, आणि मार्गावर कोठेही गाडीतील भार क्षमतेच्या वर जाता कामा नये. पहिली अट सर्वांच्या लक्षात राहते, कारण न उचललेला माल उतरवता येत नाही. दुसरी अट मात्र फक्त निघताना तपासली जाते, आणि घोटाळा तेथेच होतो.

एक नमुना फेरी घेऊ. गाडी रायपूरहून दुपारी निघते, धमतरी रस्त्याने अभनपूरला आणि तेथून नवापाऱ्याला जाते. परतताना ती पुन्हा अभनपूर करून रात्री डूमरतराईच्या ठोक भाजी बाजारात पोचते. चालक व मदतनीस यांचे वजन वगळून तिची भारक्षमता 1500 किलो आहे असे धरू. त्या दिवशी चार कामे आहेत. रायपूरहून नवापाऱ्याला धानाचे 900 किलो बियाणे न्यायचे आहे. अभनपूरहून नवापाऱ्याला 40 किलोच्या 15 पोत्यांत 600 किलो गांडूळखत न्यायचे आहे. नवापाऱ्याहून 700 किलो आणि अभनपूरहून 500 किलो भाजी डूमरतराईला आणायची आहे.

बेरीज 2700 किलो होते. क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट असल्यामुळे कार्यालयात बसलेला माणूस दोन फेऱ्या लिहून मोकळा होतो. आता वजन थांब्याथांब्याने मोजू. रायपूरहून निघताना 900 किलो. अभनपूरला खत चढले की 1500. नवापाऱ्यात सारे उतरून भाजी चढली की 700. परतीच्या अभनपूरला 500 किलो भाजी चढली की 1200. डूमरतराईला शून्य. म्हणजे 2700 किलो माल 1500 किलोच्या गाडीत एकाच फेरीत गेला आणि तिने कोठेही मर्यादा ओलांडली नाही.

पण याच फेरीत एक साधा बदल करून पाहा. जाताना गाडी अभनपूरला थांबलेलीच आहे, भाजीही तयार आहे, म्हणून चालक तीही चढवून घेतो. रस्ता तोच, किलोमीटर तेवढेच, आणि प्रत्येक माल त्याच्या पोचेआधी उचललेला आहे, म्हणजे पहिली अटही पाळली गेली. मात्र अभनपूर ते नवापारा या टप्प्यात गाडीत 2000 किलो माल होतो. निघताना 900 आणि बाजारात शिरताना 1200 एवढाच भार दिसत असल्यामुळे ही चूक दोन्ही टोकांच्या वजनकाट्यांवर सापडत नाही. ती मधल्या रस्त्यावर असते, कमानपट्ट्या आणि टायर तेथेच झिजतात, तपासणीही तेथेच होऊ शकते. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातील कलम 194 प्रमाणे जादा भारासाठी 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी 2,000 रुपये दंड आहे. शिवाय ती भाजी विनाकारण नवापाऱ्यापर्यंत जाऊन परत येते आणि दुपारच्या उन्हात कोमेजते. एकाच गावातून दोन वेळा जायचे असेल तर कोणता माल जाताना घ्यावा आणि कोणता परतताना, हा निर्णय ज्याची पोच ज्या दिशेला आहे त्यावरून घ्यावा.

इथपर्यंतचा हिशेब कागदावर नीटनेटका दिसतो. प्रत्यक्षात त्यातून एक गोष्ट सुटली आहे : भाजी क्रेटमध्ये येते, आणि रिकामे क्रेट शेतकऱ्यांपर्यंत आधी पोचवावे लागतात. एका क्रेटमध्ये 25 किलो भाजी धरली तर नवापाऱ्याला 28 आणि अभनपूरला 20 क्रेट लागतील. एका क्रेटचे वजन 2 किलो धरू. निघताना 96 किलोची भर पडते. अभनपूरला 20 क्रेट उतरून खताची 15 पोती चढली की गाडीत 1556 किलो होतात. जी फेरी काठोकाठ बसली होती, ती 56 किलोंनी फसली. एक पोते कमी केले तरी 16 किलो जास्तच राहतात. दोन पोती मागे ठेवली, म्हणजे 13 पोती घेतली, की हिशेब बसतो. अंतिम पत्रक असे होईल :

| थांबा | उतरले (किलो) | चढले (किलो) | निघताना भार (किलो) |
|---|---|---|---|
| रायपूर | 0 | 996 | 996 |
| अभनपूर, जाताना | 40 | 520 | 1476 |
| नवापारा | 1476 | 756 | 756 |
| अभनपूर, परतताना | 0 | 540 | 1296 |
| डूमरतराई | 1296 | 0 | 0 |

या पत्रकात ‘उतरले’ हा रकाना मुद्दाम ‘चढले’च्या आधी ठेवला आहे. नवापाऱ्यात भाजीची घाई म्हणून आधी भाजी चढवू लागलो, तर बियाणे आणि खत खाली यायच्या आत गाडीत 2200 किलोंवर माल होईल, आणि जागा तर त्याहून आधी संपेल. क्रेटच्या बाबतीत दुसरीही एक क्रमवारी दडलेली आहे. अभनपूरला जाताना उतरवलेले क्रेट गाडी परत येईपर्यंत भरून तयार होतात. नवापाऱ्यात मात्र गाडी फिरतच परतते, त्यामुळे तेथे आज नेलेले क्रेट उद्यासाठी असतात आणि भाजी कालच्या क्रेटमध्ये भरून ठेवलेली असावी लागते. ज्या गावी गाडी एकदाच थांबते तेथे क्रेटचा एक संच नेहमी राखीव ठेवावा लागतो, हे या हिशेबातूनच कळते.

पत्रकाचा खरा उपयोग मात्र गाडी निघाल्यावर होतो. समजा, रायपूरहून निघण्यापूर्वी एका सभासदाचा फोन येतो : त्याचे 300 किलो खत अभनपूरला टाकायचे आहे. ‘गाडी भरली आहे, आज जमणार नाही’ असे उत्तर देणे सोपे आहे, कारण अभनपूरनंतर गाडीत केवळ 24 किलोंची सवड आहे. परंतु नवा माल फक्त त्याच्या उचलीपासून पोचेपर्यंतच्या टप्प्यांचे वजन वाढवतो, पुढच्या टप्प्यांना तो स्पर्शही करत नाही. रायपूर ते अभनपूर या टप्प्यात 504 किलोंची सवड आहे, म्हणून 300 किलो सहज बसतात. तोच माल नवापाऱ्याला न्यायचा असता तर नकार योग्य ठरला असता. नियम इतकाच आहे : उचल आणि पोच यांच्या दरम्यानच्या टप्प्यांतील सर्वांत कमी सवड पाहा. माल त्याहून जड नसेल तर घ्या.

हे काम संगणकावर सोपवावे असे सुचवले जाते, आणि कामे वाढली की ते योग्यच आहे. चार मालांच्या चार उचली आणि चार पोची म्हणजे आठ क्रिया होतात, आणि त्यांचे 40,320 क्रम लागतात. प्रत्येक उचल आपल्या पोचेआधी हवी ही अट लावली की 2,520 उरतात. सहा मालांसाठी हीच संख्या 74 लाखांच्या वर जाते. ते सारे हाताने तपासणे शक्य नाही. परंतु रायपूर–नवापाऱ्यासारख्या एकाच रस्त्यावरच्या फेरीत गावांचा क्रम रस्त्यानेच ठरवलेला असतो. तेथे प्रश्न फक्त कोणता माल कोणत्या वेळी चढवायचा एवढाच उरतो, आणि त्याला पाच ओळींचे पत्रक पुरते. त्याउलट, प्रणाली कितीही चांगली असली तरी क्रेटचे वजन कोणी भरलेच नाही, तर ती 1556 किलोंची फेरी निर्धास्तपणे मंजूर करील.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गावात वजन बहुधा पोती आणि क्रेट मोजून धरले जाते. पावसात भिजलेले पोते किंवा शिगोशीग भरलेला क्रेट हा अंदाज चुकवतो. म्हणून 1500 किलोंच्या गाडीचे पत्रक 1476 वर आणणे मला काठावरचे वाटते, थोडी सवड राखणे शहाणपणाचे. दुसरे, हलका माल जागेने अडतो. रिकामे 48 क्रेट वजनाला नगण्य असले तरी हौद्याचा मोठा भाग व्यापतात, म्हणून वजनाशेजारी जागेचाही रकाना हवा. तिसरे, ओलसर गांडूळखत आणि धानाचे बियाणे एकमेकांना लागून ठेवू नये. प्रमाणित धान बियाण्यातील ओलावा 13 टक्क्यांच्या आत राखलेला असतो, तो एका फेरीत बिघडवण्यात अर्थ नाही. मध्ये ताडपत्री आणि खाली फळी असावी.

विस्तार कार्यकर्त्यांकडून माझी अपेक्षा एका रकान्याची आहे. कंपनीच्या वाहतूक नोंदवहीत गावाचे नाव, माल आणि एकूण वजन बहुधा लिहिलेले असते. ‘थांब्यावरून निघताना गाडीतील वजन’ हा रकाना नसतो. तो आखून घ्यावा आणि महिनाभर भरून घ्यावा. त्यातील सर्वांत मोठा आकडा बहुतेक दिवशी क्षमतेच्या बराच खाली राहत असेल, तर नवी गाडी घेण्याचा ठराव थांबवावा आणि आजवर परत पाठवलेल्या मालाला जागा शोधावी. तो आकडा क्षमतेच्या वर जात असेल, तर आधी चढवण्याचा क्रम बदलून पाहावा. क्रम बदलूनही तो खाली येत नसेल, तेव्हाच मोठ्या गाडीची मागणी रास्त ठरते, आणि ती संचालक मंडळापुढे मांडण्यास ही नोंदवहीच पुरेशी होईल.