चेहरा जुळला म्हणजे गुन्हेगार सापडला असे नाही

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी एका कृष्णवर्णीय गृहस्थाला पत्नी आणि दोन लहान मुलींदेखत बेड्या घातल्या. घड्याळांच्या दुकानातील कॅमेऱ्याचे अंधूक चित्र संगणकाने त्याच्या वाहन परवान्यावरील जुन्या छायाचित्राशी जुळवले होते. जवळपास तीस तास कोठडीत काढल्यावर तो सुटला. चोरी त्याने केलीच नव्हती.

चेहरा ओळखणारे यंत्र ही एक प्रकारची चाळणी चाचणी आहे. समजा, एका रेल्वे स्थानकावरून दिवसाला एक लाख माणसे जातात आणि त्यांत दहा फरारी आरोपी आहेत. यंत्र दहापैकी नऊ जणांना पकडते आणि हजार निरपराधांमागे फक्त एकदाच चुकते. ऐकायला ही कामगिरी उत्तम वाटते. पण दिवसअखेर नऊ खऱ्या इशाऱ्यांसोबत सुमारे शंभर खोटे इशारे हाती येतात. आजार दुर्मीळ असला की चांगल्या चाचणीतही खोटे पॉझिटिव्ह जास्त निघतात, तोच हा हिशेब. २०१७ मध्ये कार्डिफ येथील फुटबॉलच्या अंतिम सामन्यावेळी वेल्स पोलिसांच्या यंत्रणेने दिलेल्या २,४७० इशाऱ्यांपैकी २,२९७ चुकीचे ठरले.

म्हणून यंत्र निरुपयोगी ठरत नाही. २०१८ मध्ये दिल्लीत हरवलेल्या मुलांची छायाचित्रे बालगृहांतील मुलांशी ताडून चार दिवसांत सुमारे तीन हजार मुलांची ओळख पटल्याचे सांगण्यात आले होते. ज्या आईबापांचे मूल हरवले आहे, त्यांना हे साधन नको असे कोण म्हणेल? शिवाय तिथे चूक झाली तरी कोणी तुरुंगात जात नाही. घरचे लोक मूल ओळखतात किंवा नाकारतात.

अटकेच्या बाबतीत ही पडताळणीच कच्ची राहते. डेट्रॉइटमध्ये सहा छायाचित्रे दाखवून ओळख पटवण्यात आली. पण ओळखणाऱ्या व्यक्तीने चोरी प्रत्यक्ष पाहिलीच नव्हती, फक्त चित्रफीत पाहिली होती. चोरासारखा दिसतो म्हणून यंत्राने निवडलेला माणूस तिलाही चोरासारखा दिसला, यात नवल नाही. तीच चाचणी दुसऱ्यांदा करण्याला खातरजमा म्हणत नाहीत. २०२४ च्या तडजोडीत त्या पोलिसांनी हे मान्य केले. आता तिथे केवळ यंत्राच्या निकालावर, किंवा त्यापाठोपाठ घेतलेल्या अशा ओळखपरेडीवर अटक करता येत नाही.

आपल्याकडे काय? दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार ८० टक्क्यांहून अधिक साम्य असेल तर निकाल पॉझिटिव्ह धरला जातो. पण ८० टक्के साम्य म्हणजे तोच माणूस असण्याची ८० टक्के खात्री नव्हे. डेट्रॉइटचा नियम आपल्याकडेही कायद्याने यायला हवा: यंत्राने फक्त दिशा दाखवावी, अटकेसाठी मोबाइलचे ठिकाण, हस्तगत झालेला माल किंवा बोटांचे ठसे असा वेगळा पुरावा हवाच. चाळणी चाचणीच्या एका कागदावर कोणी शस्त्रक्रिया करत नाही.