बिबट्यामुळे दार बंद, स्लॅबमुळे घराची भट्टी

उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून झोपायची आपली पद्धत जुन्नर-आंबेगावात बिबट्यानं मोडली. उघड्यावर झोपू नका, असं वनखातं सांगतं, ते बरोबरच आहे. पण दार लावून झोपायचं कशाखाली? तापलेल्या स्लॅबखाली!

पत्रा दुपारी भाजतो, पण दिवस मावळला की लवकर निवतो. स्लॅबचं उलटं आहे. चार-पाच इंच काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि ती उष्णता आत उतरायला काही तास लागतात. म्हणून रात्री दहाला पंखा गरम हवाच फिरवतो. खात्री करायचीय? झोपताना छताला हात लावून बघा.

यावर लोक काय करतात, तर आतून पीओपीचं छत. त्यानं थोडा फरक पडतो, पण वरचा स्लॅब तापतोच. ऊन वरच अडवायला हवं, एवढी साधी गोष्ट आहे. मी पाहिलेल्या एकाही घरकुलात हा विचार दिसला नाही. मिळणाऱ्या अनुदानात माणूस भिंती उभ्या करता करता थकतो, त्याला दोष कसा देणार? दोष आराखडा करणाऱ्यांचा. तेलंगणानं 2023 मध्ये थंड छतांचं धोरण केलं. आपल्याकडे ग्रामसभेत हा विषयसुद्धा निघत नाही.

मी माझ्या पाचशे फुटी स्लॅबवर मार्चमध्ये चुना मारला. आधी स्लॅब झाडून धुतला, भेगा बुजवल्या. वीसेक किलो चुना लोखंडी पिंपात रात्रभर भिजवला. कळीचा चुना पाण्यात उकळतो, म्हणून प्लास्टिकची बादली नको आणि डोळ्याला चष्मा हवाच. सकाळी गाळून त्यात थोडा डिंक घातला. उन्हं उतरल्यावर स्लॅब ओला करून पातळ हात दिला, दुसऱ्या दिवशी आडवा दुसरा. आधी दुपारी तीनला स्लॅबवर अनवाणी पाऊल टेकवत नव्हतं, आता उभं राहता येतं. पण ही जादू नाही. धूळ बसली की असर कमी होतो, पावसात चुना धुपतो, म्हणजे दर मार्चला पुन्हा मारायचा. गळका स्लॅबही यानं थांबत नाही.

पश्चिमेची चार इंची भिंत उरली. तिच्यापासून फूटभर अंतर ठेवून टोमॅटोचे जुने बांबू रोवले, तार ओढली आणि घोसाळ्याचा वेल चढवला. वेल भिंतीला चिकटू द्यायचा नाही, मध्ये हवा खेळली पाहिजे. मात्र बी फेब्रुवारीतच टोका, नाहीतर मे उजाडला तरी सावली नाही.

आता मागणी एकच. घरकुलाचा शेवटचा हप्ता देण्याआधी स्लॅबला पांढरा हात दिलाय का, हे बघा आणि त्याचे पैसे वेगळे द्या. येत्या ग्रामसभेत हे विचारा. बिबट्याच्या भीतीनं दार लावायला सांगता, तर आतल्या माणसाला झोप लागेल एवढं तरी करा.