बारा पानांपैकी आठवे, आणि शेवटचे

सोसायटीच्या वार्षिक सभेचा हिशेब म्हणून एक्सेलच्या चार शीट एकत्र छापल्या, असे समजू. ताळेबंद ३ पाने, जमाखर्च १, थकबाकीची यादी ६ आणि गुंतवणूक २, म्हणजे एकूण १२. तळाशी मात्र पहिल्या तीन पानांवर ‘१२ पैकी १, २, ३’ आहे, चौथे पान कोरे, पाचव्यावर पुन्हा ‘१२ पैकी १’ आणि शेवटच्यावर ‘१२ पैकी ८’. थकबाकीदार सभासदाने उरलेली चार पाने कुठे दडवलीत, असे विचारले तर त्याचे काय चुकले? पाने सगळी जागेवर आहेत, पण तळाचा मजकूर समितीविरुद्ध साक्ष देतो आहे.

संगणक बिघडला, हे सोयीचे उत्तर खरे नाही. एक्सेलमध्ये फूटर प्रत्येक शीटचा स्वतंत्र असतो. जमाखर्चाची शीट नव्याने घातलेली, म्हणून तिच्या तळाशी ना क्रमांक ना नाव. थकबाकीच्या शीटवर कोणीतरी कधीकाळी `First page number` या चौकटीत १ भरून ठेवला होता, त्यामुळे मोजणी तिथे नव्याने सुरू झाली. गुंतवणुकीच्या शीटवर तीच चौकट `Auto` होती, म्हणून तिने आधीच्या सहापुढे सात मोजले. `&[Pages]` मात्र सगळ्या छपाईची पाने मोजून १२ च सांगत राहिला. सगळ्यांनी आपापले काम चोख केले, फक्त एकत्र कोणी पाहिले नाही. (समित्यांना हे नवे नसावे.)

आता कागद कोण पाहतो, पीडीएफच तर पाठवतो, असा आक्षेप येईल. पण तिथे घोळ वाढतो, कारण पडद्यावरचा क्रमांक पाच म्हणतो आणि पानाच्या तळाशी एक असतो. सभेत ‘पान पाच’ म्हटले की दोघे दोन पाने उघडतात. हाताने आकडे घालणे हा उपाय प्रामाणिक आहे, पण पुढच्या वर्षीही घालावे लागतील. त्यापेक्षा फूटरमध्ये शीटचे नाव हाताने टंकण्याऐवजी `&[Tab]` घालावे, नाहीतर प्रत काढलेली शीट जुनेच नाव मिरवते. शिवाय प्रत्येक शीटवर `Auto` आहे ना ते पाहावे आणि `Print Entire Workbook` निवडून आधी पूर्वदृश्यात सगळी पाने चाळावीत. सगळ्या शीट एकदम निवडून `Page Setup` मध्ये फूटर भरता येतो, पण त्यासोबत समोर उघडलेल्या शीटचे आडवे-उभेपणही बाकीच्यांना चिकटू शकते. आणि काम झाल्यावर ती निवड सोडायला विसरलात, तर एका चौकटीत भरलेली रक्कम सगळ्या शीटवर उमटेल. मग पानांचे क्रमांक बरोबर असतील, हिशेब चुकलेला असेल.