पगार लाखाने वाढला, हातात मात्र चार हजार कमी!

बेळगाव असो वा इंदूर, आयकराचा हिशेब एकच. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ५० लाखांच्या करपात्र पगारावर १०,८०,००० रुपये कर बसतो. पगार ५१ लाख झाला की कर ११,१०,०००. शिवाय या संपूर्ण करावर १० टक्के अधिभार; झाले १२,२१,०००. म्हणजे लाखाच्या वाढीवर १,४१,००० जादा!

इथे ‘मार्जिनल रिलीफ’ कामी येते. कर आणि अधिभार मिळून होणारी वाढ उत्पन्नाच्या वाढीपेक्षा जास्त नको, हा तिचा नियम. म्हणून ४१,००० सुटतात, ११,८०,००० उरतात. पण ४ टक्के आरोग्य-शिक्षण सेस त्यानंतर लागतो. त्यामुळे ५० लाखवाल्यापेक्षा एकूण १,०४,००० जादा भरावे लागतात. ही सवलत साधारण ५१.६१ लाखांपर्यंतच. फॉर्म १६ मध्ये ती धरली आहे ना, एवढे बघून घ्या.